पाय मोडक्या अक्षराचे गुण किती?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या पिशवीत इंग्रजी स्क्रॅबलचा डबा होता. दोन दिवस आम्ही तो खेळलो आणि दोन्ही दिवस मी हरलो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मामू, तुम्ही मराठीत कविता लिहिता. मग आपण मराठीतच का नाही खेळत?" मी म्हटलं, त्यात काय, पुठ्ठ्याचे चौकोन कापू, त्यांवर अक्षरं लिहू, खेळ तयार. जी गोष्ट मला एका दुपारची वाटली, तिच्यात पुढे जवळजवळ वर्ष गेलं. मराठीत 'अक्षर' म्हणजे नेमकं काय, हाच प्रश्न आधी सोडवावा लागला.

इंग्रजीतला मूळ खेळ आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुरचनाकारानं 1930 च्या दशकात तयार केला. वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं, ते त्यानं मोजलं आणि त्या हिशेबानं सोंगट्या ठरवल्या. एकूण सोंगट्या 100. 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त लागतं, म्हणून त्याच्या 12 सोंगट्या आणि गुण फक्त एक. 'क्यू' आणि 'झेड' क्वचित लागतात, म्हणून त्यांची एकेक सोंगटी आणि गुण दहा. तत्त्व साधं आहे: जे दुर्मीळ ते महाग. पण तिथं अक्षर सुटं असतं. आपल्याकडे ते काना, मात्रा, वेलांटी घेऊन येतं, कधी दुसऱ्या अक्षराच्या खांद्यावर बसून येतं.

वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणाऱ्यांना वाटेल, यात अडचण कसली? एका घरात एक अक्षर. 'लक्ष्मी' दोन घरांत बसते, एकात 'ल' आणि दुसऱ्यात 'क्ष्मी'. शब्दकोड्यात हे चालतं, कारण रिकाम्या घरात पेन्सिलीनं काहीही लिहिता येतं. सोंगटीवर मात्र आधीच काहीतरी छापलेलं असतं. आपली 34 व्यंजनं, त्यांची प्रत्येकी बारा रूपं, म्हणजे 408 सोंगट्या झाल्या. जोडाक्षरं अजून यायचीच आहेत. एवढ्या ढिगातून सात सोंगट्या उचलल्या तर हातात 'ढौ', 'खु', 'भै' असलं काहीतरी येतं आणि माणूस भिंतीकडे बघत बसतो. ही वाट आम्ही कागदावरच सोडली.

दुसरी वाट व्याकरणाची. शब्दाचा वर्णविग्रह करायचा: म्, अ, र्, आ, ठ्, ई. 'मराठी' सहा घरांत. तर्काला ही रीत पक्की आहे. जोडाक्षराचा प्रश्नही यात आपोआप सुटतो, कारण दोन व्यंजनांमधला स्वर काढला की झालं जोडाक्षर. पण पटावर ते वाचताच येईना. निम्म्या घरांत स्वर आणि त्यांतही 'अ'च जास्त. भाची म्हणाली, "हे तर गणितासारखं दिसतंय." ती वाटही बंद झाली.

तिसरी वाट मला उर्दूवरून सुचली. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. 'क' आणि 'ल' जोडून लिहिले की वाचणारा संदर्भानं 'कल' वाचतो किंवा 'कुल' वाचतो. मग आपणही फक्त व्यंजनांच्या सोंगट्या कराव्यात आणि काना-मात्रा खेळणाऱ्यानं मनानं लावावेत. आम्ही एक डाव तसा खेळलो. 'क' आणि 'म' ठेवले की कम, काम, कमी, कामे, काहीही म्हणा. चुकायला जागाच नाही आणि जिथे चुकायला जागा नाही तिथे खेळ नाही. उर्दू वाचणाऱ्याला पुढचं-मागचं वाक्य मदतीला असतं. पटावर वाक्य नसतं.

तेव्हा आमच्या गल्लीतले काका मदतीला आले. त्यांनी तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. ते म्हणाले, "अहो, हा प्रश्न आम्ही रोज सोडवायचो. केसमध्ये काय सगळी बाराखडी असायची? वेलांटीचा खिळा वेगळा, मात्रेचा वेगळा, अर्ध्या अक्षराचा वेगळा. अक्षर आपण जुळवायचं असतं." म्हणजे स्वरचिन्हं सोंगटीवर छापायची नाहीत. ती वेगळी ठेवायची आणि खेळताना अक्षरावर चढवायची.

काना उजवीकडे येतो, पहिली वेलांटी डावीकडून, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. अक्षराच्या चारही बाजू अशा वापरात आहेत. म्हणून चिन्हाची चकती अक्षराएवढीच हवी आणि तिच्यातून खालचं अक्षर दिसायला हवं. घरात जुनी एक्स-रे फिल्म होती. ती गरम पाण्यात घासून स्वच्छ केली, सोंगटीच्या मापाचे चौकोन कापले आणि प्रत्येक चौकोनावर एकेक चिन्ह त्याच्या जागी काळ्या शाईनं काढलं. 'क'वर कान्याची चकती ठेवली की 'का' तयार. पहिल्या खेपेला अक्षरं सोंगटीभर मोठी काढली होती, त्यामुळे काना शेजारच्या घरात शिरल्यासारखा दिसे. नंतर सोंगटी दोन सेंटिमीटरची केली आणि अक्षर मधोमध बारा मिलिमीटरमध्ये बसवलं. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर मोकळे राहिले आणि कान्याला स्वतःची जागा मिळाली.

या पारदर्शक चकतीचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. दुसऱ्या वेलांटीची चकती उलटी केली की ती पहिली वेलांटी होते, कारण ही दोन चिन्हं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. मराठीच्या खेळात याला मोल आहे. पटावर कुणी 'कवी' लावला आणि पुढच्याला 'ता' जोडून 'कविता' करायची असली, तर आपल्या शुद्धलेखनाप्रमाणे शेवटची दीर्घ वेलांटी आता ऱ्हस्व व्हायला हवी. चकती उलटवली की काम झालं. ती उलटवायची मुभा आम्ही नियमातच ठेवली.

स्वतंत्र स्वरांचं काय करायचं? अ, आ, इ, ई असे सगळे वेगळे केले तर त्यांतले निम्मे हातात पडून राहतात. इथं सावरकरांच्या लिपिशुद्धीतली एक सूचना कामाला आली: 'अ'चीच बाराखडी करायची. 'अ'ला दुसरी वेलांटी दिली की ई, उकार दिला की उ. छापील मराठीत ती रीत सर्वत्र रुळली नाही, पण आमच्या पटावर 'अ'च्या आठ सोंगट्यांत सगळे स्वर बसले. 'आई' म्हणजे दोन 'अ', एकाला काना आणि दुसऱ्याला वेलांटी. पहिल्यांदा बघणारा हसतो. दुसऱ्या डावात त्याला काही वाटत नाही.

एक चूक इथंच सांगून टाकतो. सुरुवातीला आम्ही सोंगट्या आणि चकत्या एकाच पिशवीत टाकल्या होत्या. एकदा माझ्या हाती पाच चकत्या आणि दोन अक्षरं आली. नुसत्या वेलांट्यांचा शब्द होत नाही! तेव्हापासून दोन पिशव्या केल्या. प्रत्येकाकडे सात सोंगट्या आणि पाच चकत्या असतात आणि वापरलं तेवढं ज्या त्या पिशवीतून पुन्हा घ्यायचं.

आता जोडाक्षर. काकांच्या केसमधले अर्धे खिळे आम्हाला परवडणारे नव्हते, कारण प्रत्येक अक्षराची अर्धी सोंगटी केली तर संख्या दुप्पट होते. आम्ही शाळेतली युक्ती घेतली, अक्षराचा पाय मोडायचा. पाय मोडण्याचं चिन्ह असलेली चकती ठेवली की 'ब'चा 'ब्' झाला. 'शब्द' हा शब्द तीन घरांत बसतो: श, ब्, द. 'प्रश्न' चार घरांत: प्, र, श्, न. छापल्यासारखं देखणं दिसत नाही, पण वाचता येतं. क्ष आणि ज्ञ यांच्या मात्र स्वतंत्र सोंगट्या ठेवल्या. 'ज्ञ' आपण म्हणतो एक आणि लिहितो दुसरं, त्यामुळे तो जुळवायला लावणं अन्यायाचं झालं असतं.

मग पट अडू लागला. आठ-दहा खेळ्या झाल्या की शब्द जोडायला जागाच उरत नसे. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. आडवा 'शब्द' लावला की त्यातल्या 'ब्'मधून उभा जाणारा शब्दही अर्ध्या 'ब'चाच हवा. असे शब्द थोडे आणि ते हातात येणं त्याहून थोडं. म्हणजे प्रत्येक जोडाक्षराबरोबर पटावरचं एक घर मरत होतं. उपाय भाचीनं काढला. पाय मोडण्याच्या चकतीवर तिनं एक छोटा बाण काढला. पाय ज्या दिशेनं मोडला, त्याच दिशेनं तो मोडलेला. आडवं वाचताना 'ब्', उभं वाचताना पूर्ण 'ब'. आता 'शब्द'मधल्या त्याच 'ब'वरून खाली 'बगळा' लावता येतो. काना आणि वेलांटी यांना ही सवलत नाही, त्या दोन्ही दिशांना लागू. म्हणून तिथून 'बाजार' लावता येत नाही, कारण 'ब'ला काना दिला की आडवा शब्द बिघडतो. पट मोकळा झाला आणि डाव शेवटपर्यंत जाऊ लागला.

राहता राहिला गुणांचा प्रश्न आणि इथंच आमचा सर्वांत मोठा गोंधळ झाला. कोणतं अक्षर किती लागतं हे काकांना विचारलं. ते ताबडतोब म्हणाले, "काना आणि च्या. बातम्यांचं पान लावताना हेच आधी संपायचे." आम्ही वर्तमानपत्राचं एक पान घेऊन मोजलं. काकांचं बरोबर होतं. मग 'च' आणि 'य' यांच्या भरपूर सोंगट्या केल्या, त्यांना एकेक गुण ठेवला आणि जोडाक्षर अवघड म्हणून प्रत्येक जोडाक्षराला वर पाच गुण जादा दिले.

पहिल्याच डावात भाचीनं 'घर' लावलं. तिच्या आईनं त्याचं 'घराच्या' केलं आणि पाच जादा गुण घेतले. मग 'मुलाच्या', 'गावाच्या', 'झाडाच्या'. प्रत्येक नामाच्या शेपटीला 'च्या' लावायचा आणि पाच गुण खिशात टाकायचे. इंग्रजी खेळात अनेकवचनाचा 'एस' असाच स्वस्त आहे, म्हणून त्या अक्षराच्या शंभरात फक्त चार सोंगट्या ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे एका 'एस'ऐवजी ला, ने, त, चा, ची, चे, च्या अशी फौजच आहे. सोंगट्या कमी करून ती आवरणारी नव्हती. आम्ही विभक्तीचे प्रत्यय बाद केले. नामाचं एकवचन आणि अनेकवचन चालेल, क्रियापदाचं शब्दकोशातलं रूप चालेल, बाकी नाही.

नियम बदलला आणि आमची मोजणीच खोटी ठरली! उदाहरणादाखल बातमीतलं असावं असं एक वाक्य घ्या: 'शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर नगरसेवकांच्या बैठकीत चर्चा झाली.' यात 'च' पाच वेळा आहे, 'य' चार वेळा, निव्वळ काना दहा वेळा आणि जोडाक्षरं सात. आता हेच शब्द आमच्या नियमात बसतील असे लिहा: शहर, पाणीपुरवठा, प्रश्न, नगरसेवक, बैठक, चर्चा, होणे. 'च' उरले दोन, तेही एकट्या 'चर्चा'तले. 'य' एकही नाही. काने तीन. जोडाक्षरं तीन. म्हणजे वर्तमानपत्राच्या पानावरचे बरेचसे 'च', 'य' आणि काने शब्दांचे नव्हतेच, ते प्रत्ययांचे होते. आम्ही खेळातून प्रत्यय काढले होते आणि सोंगट्या मात्र त्यांच्यासाठी भरून ठेवल्या होत्या. डावात हे दिसतही होतं: शेवटी प्रत्येकाच्या पट्टीवर 'य' उरायचा.

मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पण या वेळी शब्दकोशाची पानं घेऊन आणि ठळक अक्षरांतले मूळ शब्द तेवढेच धरून. त्यात एक नवीन पाहुणा पुढे आला, तो 'ण'. शब्दकोशात क्रियापदं करणे, बसणे, चालणे अशी 'णे'कारान्त असतात. हा आमचा नवा 'एस' होता. म्हणून मोजणीत पुष्कळ येऊनही 'ण'च्या आम्ही तीनच सोंगट्या ठेवल्या.

शेवटी ठरलेला हिशेब असा. सोंगट्या 120. र आठ, क सात, अ आठ आणि त, न, प, म, ल, व, स प्रत्येकी पाच. यांना एकेक गुण. ग, ज, द, ब प्रत्येकी चार आणि च, ट, ड, ण, य, श, ह, ळ प्रत्येकी तीन. यांना दोन गुण. ख, घ, ठ, थ, ध, फ, भ प्रत्येकी दोन, गुण चार. छ, झ, ढ, ष, क्ष, ज्ञ एकेक, गुण आठ. आणि दोन कोऱ्या सोंगट्या, त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतील, गुण शून्य. चकत्या 80. त्यांत काने अठरा, उलटसुलट होणाऱ्या वेलांट्या चौदा आणि पाय मोडण्याच्या दहा, हे मुख्य.

काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना गुण नाहीत. पाय मोडण्याच्या चकतीला दोन गुण. पाच जादा गुण रद्द. 'सरकार' लावला तर चार सोंगट्यांचे चार गुण. 'शब्द' लावला तर श, ब, द यांचे सहा आणि मोडलेल्या पायाचे दोन, एकूण आठ. जोडाक्षराला मान आहे, पण त्याच्या आशेनं कुणी भलतेच शब्द ओढून आणत नाही. आणखी एक गंमत नियमात ठेवली आहे. पटावरच्या शब्दाला नुसती चकती देऊन नवा शब्द करता येतो, 'मन'चं 'मान'. पण त्याच खेळीत निदान एक सोंगटी लावली तरच त्याचे गुण मिळतात. 'मन'चं 'मान' करून पुढे 'व' लावला आणि 'मानव' केला, तर म, न, व असे तीन गुण.

माझा एक लाडका नियम मात्र मला सोडावा लागला. गझल आणि वृत्तांत लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तर ते लघू असलं तरी गुरू होतं. 'शब्द'मधला 'श' असा जड होतो. पण 'तुम्ही'तला 'तु' किंवा 'पुन्हा'तला 'पु' होत नाही, कारण तिथं आघातच पडत नाही. मी सुचवलं की पाय मोडल्याचे दोन गुण आघात पडला तरच द्यावेत. दोन डाव तसे खेळलो. प्रत्येक जोडाक्षराला वाद. माझी बहीण म्हणाली, "भाईजान, गुण डोळ्यांना दिसायला हवेत. दर वेळी तुमच्या कानाला विचारायला कोण जाणार?" तिचं म्हणणं खरं होतं. सोंगटीवर जो आकडा नाही, त्यावर भांडण होणारच. नियम गेला.

त्याची आठवण करून देणारी एक खेळी परवाच झाली. भाचीनं द, र्, य आणि वर काना असा शब्द लावला. मी म्हटलं, "वा, दर्या!" ती म्हणाली, "नाही मामू, दऱ्या. दरीचं अनेकवचन." छापील मराठीत या दोन शब्दांतला 'र' वेगवेगळा दिसतो, एकात डोक्यावर रफार आणि दुसऱ्यात आडवा, चंद्रकोरीसारखा. म्हणताना 'दर्या'तला 'द' जड होतो, 'दऱ्या'तला हलकाच राहतो. आमच्या पटावर मात्र दोन्हींच्या सोंगट्या त्याच, चकत्या त्याच आणि गुणही तेच: दोन, एक, दोन आणि मोडलेल्या पायाचे दोन, एकूण सात. शब्द लावणाऱ्यानं अर्थ तोंडानं सांगायचा, एवढाच मार्ग आहे.

या रचनेत न बसणारे शब्द आणखीही आहेत. 'ऋतू'ला कोरी सोंगटी लागते. 'वाङ्मय'लाही लागते, कारण 'ङ'ची सोंगटी केली तर ती त्या एका शब्दाची वाट बघत डावभर पडून राहील. आणि डाव सुरू करण्याआधी एक शब्दकोश ठरवून घ्यावा, तोही शक्यतो 1962 च्या शुद्धलेखन नियमांनंतरचा. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' माझ्याकडे आहे आणि मला तो प्रिय आहे. पण तो 1930 च्या दशकातला, त्यात 'करणें'वर अनुस्वार आहे. एका डावात बहिणीनं तो अनुस्वार लावलाच आणि शब्दकोश उघडून पुढ्यात ठेवला. गुण द्यावे लागले. त्यानंतर आम्ही शब्दकोश बदलला.